स्लाइडवर एक, नोट्समध्ये दुसरंच: सारांशात काय धरायचं?

प्रश्न: ३८ स्लाइडची पीपीटी आहे, त्यावरून संचालक मंडळासाठी दोन पानी सारांश करायचाय. पाच-सहा ठिकाणी स्लाइडवर एक लिहिलंय आणि खाली स्पीकर नोट्समध्ये वेगळंच. साहेब म्हणतात, स्क्रीनवर दिसतं तेच धर. शेजारचा म्हणतो, नोट्स नंतर लिहितात, त्याच खऱ्या. नक्की काय धरू?

उत्तर:

साहेब आणि तुमचा शेजारी, दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतायत: दोन जागांपैकी एक कायम खरी असते. तसं काही नसतं. स्लाइड आणि नोट बऱ्याचदा वेगवेगळ्या दिवशी लिहिलेल्या असतात, पुष्कळदा दोन वेगळ्या माणसांनी, आणि वाचणाराही वेगळा धरून. स्लाइड सभेसाठी असते, नोट बोलणाऱ्यासाठी. त्यामुळे कोणतं धरायचं हे ठरवण्याआधी ही दोन्ही एकमेकांपासून कधी आणि कशामुळे फुटली ते शोधावं लागतं. ते सापडलं की कोणतं धरायचं ते बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

सहकारी संस्थांच्या, त्यातही साखर कारखान्यांच्या सादरीकरणांवरून टिपण्या तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून उदाहरणं तिथलीच देते.

तुम्ही प्रश्नात एक गोष्ट लिहिली नाहीत आणि बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे: सादरीकरण होऊन गेलंय की व्हायचंय? होऊन गेलं असेल आणि सारांश म्हणजे सभेत काय मांडलं त्याची नोंद असेल, तर सभेने जे पाहिलं आणि ऐकलं ते महत्त्वाचं. अशा वेळी नोट हा काय बोलले याचा पुरावा नाही. काय बोलायचं ठरवलं होतं, एवढंच ती सांगते. ऐनवेळी माणूस नोट वगळतो, वेगळं बोलतो, वेळ संपली म्हणून चार स्लाइड पळवतो. रेकॉर्डिंग असेल तर ते ऐका, नसेल तर सभेला हजर असलेल्या कुणाला तरी विचारा. पण सारांश वाचून मंडळ काही ठरवणार असेल, पैसे मंजूर करणार असेल, तर स्लाइड काय म्हणते आणि नोट काय म्हणते हे दोन्ही दुय्यम. तिथे खरा आकडा लागतो, आणि तो कदाचित या दोन्ही जागी नसेलही. तुमचं काम या दुसऱ्या प्रकारचं आहे असं धरून पुढचं लिहिते.

आधी सगळ्या तफावती एका कागदावर काढा. स्लाइड बघत, खाली नोट वाचत गेलं की डोळा चुकतो, कारण वरचा आकडा वाचल्यावर खालचाही तोच असल्याचा भास होतो. पॉवरपॉइंटमध्ये View मधून Notes Page उघडलं की स्लाइड आणि तिची नोट एका पानावर दिसते. ३८ स्लाइडना तेवढं पुरे. नोट लांबलचक असेल तर ती पानाखाली निसटते आणि छापली तर तुटते, एवढं लक्षात ठेवा. फाइल मोठी असेल आणि कुणाला थोडं पायथॉन येत असेल तर python-pptx वापरून दोन्ही मजकूर एकाखाली एक काढता येतो:

```python
from pptx import Presentation

p = Presentation("sabha.pptx")
for n, s in enumerate(p.slides, 1):
    print("=====", n)
    for sh in s.shapes:
        if sh.has_text_frame:
            print(sh.text_frame.text)
    if s.has_notes_slide and s.notes_slide.notes_text_frame:
        print("--- NOTE:", s.notes_slide.notes_text_frame.text)
```

यात तक्ते, आलेख, ग्रुप केलेले चौकोन आणि चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर येत नाही. तो डोळ्यांनीच बघायचा. उलट, लपवून ठेवलेल्या स्लाइड मात्र यात येतात. त्या सभेला दिसणारच नाहीत, म्हणून त्यांवर आधी खूण करून ठेवा.

यादी हातात आली की पहिली चाळणी शिळ्या नोट्सची. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडची नक्कल केली (Ctrl+D) की नोटही तशीच सोबत येते. मग माणूस वरचा मजकूर बदलतो आणि खालची नोट तशीच राहते, कारण ती काम करताना दिसतच नाही. मागच्या वर्षीची पीपीटी उघडून तीच यंदासाठी बदलायची, ही तर सगळीकडची रीत. अशी नोट ओळखायला अवघड नसते. दोन स्लाइडच्या नोट्सची पहिली ओळ शब्दशः सारखी असते, किंवा नोट म्हणते ‘पुढच्या स्लाइडवर बगॅसचा हिशोब आहे’ आणि पुढच्या स्लाइडवर कामगारांची थकबाकी असते. नोटमध्ये मागच्या हंगामाचं नाव असेल तर प्रश्नच मिटला. अशी नोट शांतपणे बाजूला ठेवायची. पाच-सहा तफावतींपैकी दोन-तीन इथेच गळतात असा माझा अनुभव आहे.

उरतात त्या खऱ्या तफावती. त्यातली एक नीट उलगडून दाखवते. कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या २०२४-२५ च्या हंगामाच्या पीपीटीतली नववी स्लाइड होती. आकडे मी बदलले आहेत, गणित तेच आहे. स्लाइडवर तीन ओळी: गाळप ६.४० लाख टन, साखर उत्पादन ६.८५ लाख क्विंटल, सरासरी उतारा ११.२० टक्के. खाली नोट: ‘फेब्रुवारीअखेर गाळप ६.१२ लाख टन, उतारा ११.२०. मागच्या वर्षीपेक्षा बरं, हे आवर्जून सांगणे.’

गाळप गुणिले उतारा म्हणजे साखर, हे कारखान्यात शिपायालाही ठाऊक असतं. म्हणून आधी गुणाकार केला. ६.१२ लाख टनाला ११.२० टक्के उतारा धरला तर साखर ६.८५ लाख क्विंटल येते. स्लाइडवर तेवढीच आहे. ६.४० लाख टन धरले तर मात्र ७.१७ लाख क्विंटल यायला हवी. म्हणजे स्लाइडवरची साखर स्लाइडवरच्या गाळपाशी जुळत नाही, नोटमधल्या गाळपाशी जुळते.

इथे बहुतेक जण थांबतात आणि लिहून टाकतात: नोट बरोबर, स्लाइड चूक. घाई तिथेच होते. गुणाकार जुळला याचा अर्थ ६.१२, ११.२० आणि ६.८५ हे तिन्ही आकडे एका तारखेचे आहेत, एवढाच. ६.४० चूक आहे असं त्यातून निघत नाही. तो नवा असू शकतो. म्हणजे कुणीतरी आदल्या रात्री गाळपाचा आकडा ताजा केला आणि खालच्या दोन ओळींना हात लावायला विसरला.

हे तपासायला आणखी एक साधा हिशोब आहे. हा कारखाना रोज साडेपाच ते पावणेसहा हजार टन ऊस गाळतो. दोन आकड्यांत फरक २८ हजार टनांचा, म्हणजे साधारण पाच दिवसांचं गाळप. सभा मार्चच्या पहिल्या आठवड्यातच होती. फेब्रुवारीअखेरचा आकडा नोटमध्ये, पाच दिवसांनंतरचा स्लाइडवर, हे अगदी बसतं. फरक दीड लाख टनांचा असता तर मी अशी शंका घेतली नसती. तिथे हंगामाचं उद्दिष्ट किंवा अंदाज ‘झालेलं गाळप’ म्हणून छापला गेलाय का, हे आधी बघितलं असतं.

तिसरीही शक्यता होती, आणि तीच सगळ्यांत महागात पडणारी. ६.४० आणि ६.८५ हे दोन्ही एकाच दिवसाचे खरे आकडे मानले तर उतारा १०.७० टक्के निघतो, ११.२० नाही. असं खरोखर घडतं. कारखाना उसाचा रस किंवा बी हेवी मळी इथेनॉलकडे वळवत असेल तर पोत्यात भरलेली साखर कमी दिसते. मग कुणी इथेनॉलकडे वळवलेली साखर धरून उतारा लिहितं, कुणी न धरता. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, पण मोजलेली वस्तू वेगळी असते. आणि हा फरक किरकोळ नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलमागे ३४० रुपये ठरवली होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे टनाला १६६ रुपये, आणि ६.४० लाख टनांवर साडेदहा कोटींच्या वर. संचालकांच्या हातात जाणाऱ्या कागदावर उताऱ्यापुढे ‘इथेनॉल धरून’ की ‘न धरता’ हे लिहिलेलं नसेल, तर तो कागद न दिलेला बरा.

आता तीन शक्यता हातात आल्या, त्यांतली खरी कोणती हे फाइलमधून कळेलच असं नाही. तरी दोन-तीन जागा बघून घ्याव्यात. स्लाइडवर आलेख असेल तर त्यावर राइट-क्लिक करून Edit Data उघडा. आत दडलेल्या तक्त्यात तिसराच आकडा मिळतो, आणि तो कुठून आला ते पुष्कळदा तिथेच लिहिलेलं असतं. आलेखावरच्या आकड्याला कुणी हाताने खोडून नवा आकडा टाकला असेल तर तो तक्त्याशी जुळत नाही. ही खूण फार बोलकी असते, कारण हाताने टाकलेला आकडा बहुधा शेवटच्या घटकेचा असतो. फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर असेल तर आवृत्त्यांचा इतिहास उघडून बघा. ईमेलमध्ये आधीची प्रत पडलेली असेल तर तीही काढा. जो आकडा जुन्या प्रतीत सापडेल तो जुना, इतकं सरळ. मात्र फाइलच्या माहितीत ‘शेवटचा बदल’ म्हणून जी तारीख दिसते तिच्यावर विसंबू नका. ती अख्ख्या फाइलची असते. कुणी पहिल्या पानावर लोगो सरकवला तरी ती बदलते, त्यातून नवव्या स्लाइडबद्दल काहीच कळत नाही.

शेवटी विचारावं लागतंच. कसं विचारता यावर उत्तर ठरतं. ‘साहेब, स्लाइडवर ६.४० आणि नोटमध्ये ६.१२ आहे, कोणता बरोबर?’ असं विचारलंत तर फोनवर हमखास ‘स्लाइडवरचा घ्या’ असं येतं. समोरच्याने न बघता दिलेलं उत्तर असतं ते. त्याऐवजी तारीख विचारा: ‘६.४० हे गाळप कोणत्या तारखेपर्यंतचं? ६.८५ साखर त्याच तारखेची का? उतारा इथेनॉल धरून की न धरता?’ अशा प्रश्नाला कागद काढून बघितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. आणि विचारायचं आकडा ज्याच्या ताब्यात आहे त्याला. पीपीटी कुणी का बनवली असेना, गाळपाचा आणि उताऱ्याचा आकडा चीफ केमिस्टच्या रोजच्या अहवालातून येतो, ऊसनोंदीचा शेतकी अधिकाऱ्याकडून, देण्याचा हिशोब विभागाकडून. या प्रकरणात केमिस्टनी दहा मिनिटांत सांगितलं: ६.४० हा ५ मार्चचा, बाकी दोन्ही २८ फेब्रुवारीचे, साखर आणि उतारा दोन्ही इथेनॉल धरून. म्हणजे ६.४० नवा असल्याची शंका खरी निघाली, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही कागदावर आलं, जे ना स्लाइडवर होतं ना नोटमध्ये.

सारांशात वाक्य असं गेलं: ‘५ मार्चअखेर गाळप ६.४० लाख टन. २८ फेब्रुवारीअखेर गाळप ६.१२ लाख टन, साखर उत्पादन ६.८५ लाख क्विंटल, सरासरी उतारा ११.२० टक्के (दोन्ही इथेनॉलकडे वळवलेली साखर धरून).’ वाक्य लांबलं, पण त्यातला प्रत्येक आकडा आपल्या तारखेला बांधलेला आहे. केमिस्ट त्या दिवशी भेटले नसते तर मी ६.४० गाळून २८ फेब्रुवारीचा जुळणारा संच तेवढा ठेवला असता, आणि उताऱ्यापुढे ‘इथेनॉलबाबत खुलासा बाकी’ असं लिहिलं असतं. ताजेपणापेक्षा आकड्यांचा आपसांतला मेळ जास्त कामाचा. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: ‘गाळप ६.१२ ते ६.४० लाख टन’. दिसायला हे सावध वाटतं, पण ते धडधडीत खोटं आहे. कुणीही असा पल्ला मोजलेला नाही. दोन तारखांचे दोन नेमके आकडे तुम्ही एका अंदाजात कालवले, एवढंच होतं. दोन्हींची सरासरी काढणारेही मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं!

आकड्यांचं हे असं निस्तरता येतं. खरी पंचाईत होते ती नोट जाणूनबुजून वेगळी लिहिलेली असते तेव्हा. स्लाइडवर ठळक अक्षरांत ‘डिस्टिलरी विस्तार: कर्ज मंजूर’. नोटमध्ये: ‘तत्त्वतः मंजुरी. मंजुरीपत्र आलेलं नाही. विचारलं तरच सांगणे.’ इथे जुनं-नवं काही नाही. दोन्ही एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिलंय, आणि नोट खरी आहे हे त्यालाही माहीत आहे.

अशी नोट उचलून सारांशात घालायची नाही. ती बोलणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेली आहे, ती मंडळापुढे नेण्याचा अधिकार सारांश लिहिणाऱ्याला नाही. पण ती वाचल्यावर ‘कर्ज मंजूर’ असंही माझ्या हाताने लिहिवत नाही. काही जण ‘सादरीकरणानुसार कर्ज मंजूर आहे’ असं लिहून सुटका करून घेतात. सभेची नोंद लिहायची असेल तर ते चालेल. निर्णयासाठीच्या टिपणात ते अंग काढून घेणं झालं, कारण वाचणाऱ्याला ‘सादरीकरणानुसार’ या शब्दात दडलेली शंका दिसत नाही.

मी आधी लिहिणाऱ्यालाच गाठते आणि थेट वाक्य पुढे ठेवते: ‘सर, सारांशात “कर्जास तत्त्वतः मंजुरी, मंजुरीपत्राची प्रतीक्षा” असं घेऊ का?’ वाक्य तयार असलं की दहापैकी नऊ माणसं हो म्हणतात. त्यांना स्लाइडवर जागा कमी होती किंवा उत्साह जास्त होता, लपवायचं असं काही नव्हतं. नाही म्हणाले तर मी वाद घालत नाही. सारांशाच्या तक्त्यात त्या ओळीपुढे ‘मंजुरीपत्र क्रमांक व दिनांक’ असा रकाना ठेवते आणि तो कोरा असलेला मसुदा त्यांच्याकडे सहीला पाठवते. पत्र असेल तर ते भरतील. नसेल तर ‘मंजूर’ हा शब्द बहुधा तेच बदलून देतात. रकाना कोरा ठेवून आणि शब्द तसाच ठेवून सही करणारेही असतात. मग तो कोरा रकाना तसाच मंडळापुढे जातो, आणि संचालकांपैकी कुणीतरी पत्राची तारीख विचारतोच.

याच्या उलटही नोट असते: ‘स्लाइडवरचा आकडा जुना आहे, तोंडी ६.१२ सांगणे’. वाटतं की आता शंकाच नको, लिहिणाराच सांगतोय. पण ही सूचना कधीची? तिच्यानंतर कुणी स्लाइड दुरुस्त केली असेल तर ‘स्लाइडवरचा आकडा जुना’ हे वाक्यच जुनं झालं. स्लाइडवर आता काय आहे ते बघा. आधीच ६.१२ झालं असेल तर सूचना पाळली गेली, तुमची तफावत मिटली. तिसराच काही आकडा असेल तर पुन्हा वरच्यासारखं तारीख विचारण्यापासून सुरू.

या सगळ्याची नोंद ठेवायला मी साधी एक शीट करते: स्लाइड क्रमांक, वर काय, नोटमध्ये काय, तिसरीकडे कुठे काय सापडलं, शेवटी काय धरलं, कुणी कधी सांगितलं. तुमच्या पाच-सहा ओळी अर्ध्या पानात बसतील. ही शीट मंडळाला द्यायची नसते, साहेबांना द्यायची. ‘स्क्रीनवर दिसतं तेच धर’ म्हणणाऱ्या माणसाला नवव्या स्लाइडवरची साखर नवव्या स्लाइडवरच्या गाळपाशी जुळत नाही हे दाखवलं, की तो नियम पुन्हा सांगत नाही.

आता राहिलं सारांशासोबत पीपीटी पाठवण्याचं. पीडीएफ करून पाठवलीत तर एरवी नोट्स त्यात जात नाहीत, तरी छापताना Notes Pages निवडलेलं नाही ना हे बघा. मूळ फाइलच पाठवायची असेल तर आधी नक्कल करून घ्या आणि त्या नकलेवर File, Info, Check for Issues, Inspect Document असं जाऊन Presentation Notes काढून टाका. मूळ फाइलवर हे करू नका. एकदा सेव्ह झालं की नोट्स परत येत नाहीत, आणि तुमच्या शीटमधल्या अर्ध्या रकान्यांचा आधार त्यांच्यातच आहे.